शीतगृहाचं काम संपलं, ठेकेदाराने ताब्याचं पत्र आणलंय: सही करू का?

तापीकाठ
राम राम मंडळी. आमची रावेर तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. केळीचं पॅकहाऊस बांधलंय, त्यात एक प्रीकूलिंग चेंबर आणि दोन कोल्ड रूम. मशिनरी आणि पॅनलचं काम एकाच ठेकेदाराला दिलं होतं, ६० लाख अधिक जीएसटी. कॉम्प्रेसर मागच्या जूनमध्येच येऊन पडले होते, पण शेडचं काम लांबलं आणि प्लांट चालू झाला तो या जानेवारीत. आतापर्यंत ४८ लाखांच्या कामाची बिलं झाली आहेत. प्रत्येक बिलातून १० टक्के अनामत आम्ही मागे ठेवली आहे.

काल ठेकेदार एक पत्र टाइप करून घेऊन आला, आमच्याच लेटरहेडवर. मजकूर जसाच्या तसा देतो: "सदर काम करारानुसार सर्व बाबतीत समाधानकारकरीत्या पूर्ण झाले असून कंपनीने ते ताब्यात घेतले आहे. ठेकेदाराकडे कोणतेही काम अथवा कंपनीची कोणतीही मागणी शिल्लक नाही. अनामत रक्कम देण्यास हरकत नाही."

माणूस चांगला आहे, काम मनापासून केलंय. प्लांट चालतोय, परवा १३ अंश आम्ही डोळ्यांनी पाहिलं. कृषी पायाभूत सुविधा निधीतलं कर्ज आहे, बँकही शेवटच्या हप्त्यासाठी पूर्णत्वाचा दाखला मागतेय. तरी सहीला हात धजत नाहीये. काम बंद करताना काय काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, कोणी सांगेल का?

शिरपूर_भाऊ
दादा, अजिबात सही करू नका आणि एक रुपयाही देऊ नका. शेवटचं बिल हातात आहे तोवर तो तुमचा फोन उचलेल, पैसे गेले की संपलं. मी स्वतः जिनिंगच्या शेडला हे भोगलंय. सगळी कामं शंभर टक्के झाली, मगच सगळे पैसे. आणि १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट घ्यायला विसरू नका, चांगली १० लाखांवर रक्कम होते.

बोरीकाठ
माझंही असंच आहे. गावाच्या पाण्याच्या टाकीचं काम मी केलंय, ठेकेदार मीच. टाकी चालू होऊन दीड वर्ष झालं, सुरक्षा ठेव अजून मिळाली नाही. ग्रामपंचायत म्हणते ताबा घेतलाच नाही, पाणी मात्र रोज त्याच टाकीतून सोडतात. यावर उपाय काय?

सातपुडा
तापीकाठ, सही न करता इथे विचारलंत हे बरं झालं. मी प्लांटच्या उभारणीत तीस वर्षं काढली, त्यातली बरीच वर्षं अशा कागदांवर वाद घालण्यात गेली.

या पत्रातल्या तीन वाक्यांत तीन वेगळ्या गोष्टी एकाच तारखेला बंद होताहेत. पहिली म्हणजे ताबा, आजपासून प्लांट तुम्ही चालवणार, त्याचा विमा आणि राखण तुमची. दुसरी हिशेब, एकूण काम किती रुपयांचं झालं त्यावर दोघांचं एकमत. तिसरी करार, दोषाची जबाबदारी संपली, अनामत मोकळी, कोणाचं कोणाकडे काही नाही. या तीन गोष्टींना तीन तारखा असतात आणि तीन कागद लागतात. ताबा आज घ्यायला हरकत नाही. हिशेब महिनाभरात होईल. करार मात्र दोषदायित्वाचा काळ संपल्यावरच बंद होतो. तुमच्या करारात तो किती आहे, ते आधी बघा.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही १३ अंश पाहिलं ते जानेवारीत. रात्री बाहेरची हवाच १२-१४ अंश असते आणि सकाळी काढलेल्या केळीचा गर विसाच्या आसपास. त्यात प्लांटची काय परीक्षा होणार? मशीन आतली उष्णता कंडेन्सरमधून बाहेरच्या हवेत टाकतं. बाहेर २५ अंश असतील तर ते सहज जमतं. आखाजीच्या सुमाराला रावेर-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याशेजारी त्याहून जास्त. तेव्हा गॅसचं प्रेशर चढत जातं आणि कंडेन्सर कमी पडला, तर हाय प्रेशर स्विच मशीन बंद करतो. आपल्याकडे केळीची कापणी तर त्याच दिवसांत जोरात असते. करारात चाचणीची अट काय लिहिलीय? बाहेर किती तापमान धरून, किती टन माल, किती तासांत?

उन्हाळ्याची चाचणी बाकी ठेवून ताबा घ्या. पत्रात लिहा: "प्लांट वापरासाठी तयार असल्याने अमुक तारखेपासून ताब्यात घेतला. सोबतच्या यादीतील कामे आणि उन्हाळी भारासहित चाचणी बाकी आहे. अनामत करारातील अटींप्रमाणे राहील." बँकेलाही हाच मजकूर द्या. बँकेसाठी म्हणून "सर्व बाबतीत पूर्ण" असा वेगळा दाखला देऊ नका. उद्या वाद झाला तर ठेकेदार तोच पुढे करेल आणि सही तुमचीच असेल.

बोरीकाठ, तुमचं काम सरकारी आहे, तिथलं मोजमाप पुस्तक आणि दोषकाळाच्या अटी वेगळ्या. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. एवढं आत्ताच सांगतो: टाकी कधीपासून वापरात आहे, ते तारखेसह पत्राने कळवा आणि पत्राची पोच घ्या.

तापीकाठ
नाना, करार काढून पाहिला. चाचणीची अट आहे: बाहेर ४४ अंश असताना १० टन केळी, गर ३२ वरून १४ अंशांवर, १२ तासांत. दोषदायित्व ताब्यापासून १२ महिने. हे कलम आम्ही कोणी नीट वाचलंच नव्हतं. जानेवारीच्या चाचणीत माल होता जेमतेम चार टन.

पॅनलवाला
मी तुमच्या ठेकेदाराच्या बाजूचा माणूस, याच धंद्यातला, म्हणून लिहितो. शिरपूरच्या भाऊंनी सांगितलं ते आमच्यासारख्याला मारून टाकतं. पॅनल रोखीने घ्यावे लागतात, कॉम्प्रेसर ॲडव्हान्सवर येतो, फिटर दर शनिवारी दारात उभा असतो. ६० लाखांच्या कामात आमचा नफा त्या शेवटच्या बिलातच असतो. दाराच्या रबरासाठी १० लाख अडवून ठेवले, तर तो माणूस दुसऱ्या साइटवर पैसे कमवायला निघून जाईल आणि तुमचं रबर तसंच राहील.

पद्धत अशी असावी की बाकी कामांची यादी दोघांनी मिळून प्लांटमध्ये फिरत करायची, प्रत्येक कामापुढे किंमत लिहायची आणि त्या किमतीच्या दुप्पट रक्कम अडवायची. दुप्पट यासाठी की तो आलाच नाही, तर दुसऱ्याकडून करून घेताना महागच पडतं. बाकीचं बिल वेळेवर सोडा.

आणि मोजमाप करा भो. पॅनलचा दर चौरस मीटरवर असेल तर ड्रॉइंगवरचं क्षेत्र आणि भिंतीवरचं क्षेत्र कधीच जुळत नाही. दारांची जागा वजा करायची की नाही, यावरूनच निम्मी भांडणं होतात. करारात काय आहे ते वाचून टेप लावा, दोघांनी जागेवरच सही करा.

हिशेबाची वही
मी जळगावात लेखापरीक्षणाचं काम करते. शिरपूरच्या भाऊंचा क्रेडिटचा मुद्दा इथे लागू होत नाही, हे आधी सांगते. ताजी केळी जीएसटीतून माफ आहेत. माफ मालाच्या धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूंवरचं क्रेडिट मिळत नाही. जिनिंगचं वेगळं आहे, तिथे विक्रीवर कर लागतो, म्हणून भाऊंना मिळालं असेल. कंपनी उद्या करपात्र काही विकायला लागली, तर तेवढ्या प्रमाणात बघता येईल. आत्ता मात्र ते १८ टक्के प्रकल्पाच्या खर्चातच धरा, संचालकांना परत मिळतील असं सांगून ठेवू नका.

दुसरं अनामतीवरच्या टीडीएसचं. ठेकेदार फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के, एकटा मालक असेल तर १ टक्का. तो पूर्ण बिलावर, जीएसटी वेगळा दाखवला असेल तर जीएसटी सोडून, बिल खात्यात घेतानाच कापायचा असतो. म्हणजे अनामतीच्या भागावरचा टीडीएस आधीच कापला गेलाय. वर्षभराने अनामत सोडताना नवीन अकाउंटंट पुन्हा २ टक्के कापतो आणि मग ठेकेदार फेऱ्या मारत बसतो. असं होताना मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. बिलांत जीएसटी पूर्ण रकमेवर लावला असेल, तर अनामत सोडताना पुन्हा जीएसटीही लागत नाही. अनामतीच्या खात्यावर "टीडीएस कापला आहे" एवढी नोंद आत्ताच करून ठेवा.

मोजमाप झालं की आकडे इथे द्या, मांडून दाखवते.

चोपडा_केळी
आमच्याकडचं सांगतो, म्हणजे तुमच्याकडे तसं व्हायला नको. ताबा घेताना डिस्प्लेवर १३.५ दिसत होतं, सगळे खूश. पहिला माल बाहेर काढला तेव्हा हिरवागार होता. रायपनिंगला गेल्यावर साल पिवळी धमक होण्याऐवजी राखाडी, मातकट पिवळी झाली. साल सोलून पाहिली तर आतून तपकिरी रेषा. थंडी बसली होती. केळी १३ च्या खाली गेली की असं होतं, आणि ते लगेच दिसत नाही, पिकताना दिसतं. सेन्सर दाराजवळ बसवला होता आणि पंख्यासमोरच्या थप्पीत ११ अंश होते. व्यापाऱ्याने गाडीचा भाव पाडला, ठेकेदार म्हणाला ताबा तुम्ही घेतलाय, सेटिंग तुमचं.

म्हणून ताब्याआधी प्रत्येक सेन्सर काढून बर्फात घालून पहा. बर्फ बारीक कुटायचा, थोडंसं पाणी, ढवळायचं, पाच-सात मिनिटं थांबायचं. डिस्प्लेवर शून्य दिसलं पाहिजे. आमचा एक सेन्सर १.८ दाखवत होता. केळीत दोन अंशांचा फरक म्हणजे अख्खी गाडी.

सातपुडा
बर्फाचं काम नक्की करा, आणि ठेकेदाराच्या माणसासमोर करा. आकडे ताब्याच्या पत्राला जोडा.

एक गोष्ट मघाशी वाचताना खटकली होती. कॉम्प्रेसर मागच्या जूनमध्ये आले म्हणालात. कंपनीच्या वॉरंटीचं पान काढून बघा. बहुतेक ठिकाणी "चालू केल्यापासून १२ महिने किंवा कारखान्यातून निघाल्यापासून १८ महिने, यांपैकी जे आधी संपेल ते" असं असतं. मागचा जून म्हणजे नेमका कोणता, गेल्या वर्षीचा की त्याच्याही आधीचा?

तापीकाठ
त्याच्या आधीचा नाना. शेडच्या पायात दीड वर्ष गेलं.

सातपुडा
मग १८ महिने डिसेंबरमध्येच भरले. तुम्ही मशीन चालू करण्याआधीच कारखान्याची वॉरंटी संपलेली आहे. कॉम्प्रेसर हा या सगळ्यातला सर्वांत महाग भाग. आता दोन वाटा आहेत. करारातलं १२ महिन्यांचं दोषदायित्व ठेकेदाराचं स्वतःचं आहे, त्यात कॉम्प्रेसरही येतो, असं त्याच्याकडून पत्रात लिहून घ्या, सीरियल नंबरांसह. किंवा त्याने पैसे भरून कारखान्याकडून वॉरंटी वाढवून आणावी आणि ती तुमच्या कंपनीच्या नावावर असावी. बिल ठेकेदाराच्या नावाचं असतं, त्यामुळे कारखाना पुष्कळदा तुम्हाला ओळखतच नाही. शेडला उशीर तुमच्याकडून झाला, म्हणून वाढीव वॉरंटीचा खर्च कोणाचा यावर तो वाद घालेल. त्यात तथ्यही आहे. पण हा वाद आज करा, कॉम्प्रेसर बंद पडल्यावर नको.

तापीकाठ
काल ठेकेदार, मी आणि आमचे दोन संचालक दिवसभर फिरलो. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढून पाहायची, असं कोणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या रूमला खालच्या कोपऱ्यात पट्टी अलगद बाहेर आली, हात धरला तर गार हवा लागत होती. यादी अशी झाली: दाराचं रबर १८,००० रुपये, पाण्याचा ड्रेन उलट्या उताराचा आहे तो १२,०००, प्रत्यक्ष उभारणीप्रमाणे विजेचं आणि पाइपिंगचं ड्रॉइंग २५,०००, तापमान नोंदीच्या यंत्राचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र १०,०००. एकूण ६५,०००.

पॅनल मोजले. करारात १,१५० चौरस मीटर, भिंतीवर १,०८५ भरले. दर २,४००. ठेकेदाराने कुरकुर न करता सही केली.

वाढीव काम तो १,४०,००० चं म्हणतो. त्यातल्या ८०,००० ची आमची ईमेल आहे. उरलेले ६०,००० कंडेन्सरवरच्या पत्र्याच्या छपराचे. ते आमच्या एका संचालकांनी तोंडी सांगितलं होतं, मशीनला ऊन लागू नये म्हणून. कागद काहीच नाही. करारात "लेखी आदेशाशिवाय वाढीव काम नाही" असं स्पष्ट आहे, पण छप्पर तर उभं आहे आणि सांगितलं आम्हीच.

हिशेबाची वही
वादातले ६०,००० बाजूला ठेवून मांडते.

कराराचे ६०,००,०००. पॅनल ६५ चौरस मीटर कमी भरले, त्याचे १,५६,००० वजा. लेखी वाढीव ८०,००० जमा. कामाची अंतिम किंमत ५९,२४,०००. त्यातल्या ४८,००,००० ची बिलं झालेली आहेत, म्हणून शेवटचं बिल ११,२४,००० चं. त्यावर जीएसटी २,०२,३२०, बेरीज १३,२६,३२०. ठेकेदाराची फर्म धरून टीडीएस २२,४८०, अनामत १,१२,४००. निघणारी रक्कम ११,९१,४४०. पॅनलवाल्या दादांच्या पद्धतीने बाकी कामांच्या दुप्पट, म्हणजे १,३०,००० अडवले तर आज देय १०,६१,४४०. तुमच्याकडे एकूण अनामत ५,९२,४०० राहील.

हा तक्ता दोघांच्या सहीने ठेवा आणि खाली ठळक लिहा की ६०,००० ची मागणी वादात आहे, ती मान्यही नाही आणि सोडलेलीही नाही. नाहीतर दोन वर्षांनी तक्ता हातात घेणाऱ्याला वाटेल की ती विसरली गेली.

शेवटचा चेक देण्याआधी ठेकेदाराकडून मजुरांचे पगार आणि भविष्य निर्वाह निधी भरल्याचे कागद घ्या. त्याने मजुरी बुडवली तर मजूर मूळ मालकाकडे येऊ शकतो, म्हणजे तुमच्याकडे.

शिरपूर_भाऊ
ताई, क्रेडिटचं माझं चुकलं, मान्य. पण १० लाख सोडून द्यायचे हे पटत नाही. कायद्याने ते आत्ताच द्यायला लागतात असं आहे का?

हिशेबाची वही
भाऊ, ठेकेदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर त्या कायद्यात करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय वर्षअखेरीला मुदत उलटून गेलेली अशी बाकी राहिली, तर आयकरात तो खर्च पैसे देईपर्यंत मोकळा होत नाही. ही आयकराची तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आली.

पॅनलवाला
ताई, पण उभारणीच्या कामाला तो कायदा लागतो का? माझ्या एका केसमध्ये वकील म्हणाले लागत नाही.

हिशेबाची वही
त्यावर वाद आहे. मशीन पुरवठा आणि उभारणी एकत्र असलेल्या कामाला तो लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत, आणि दुसऱ्या बाजूनेही युक्तिवाद होतात. इथे धाग्यावर ते ठरणार नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या रकमेबद्दल वाद नाही ती अडवण्यात धोका तुमचाच आहे, कायदा लागो की न लागो.

पॅनलवाला
तापीकाठ दादा, ठेकेदाराला एक पर्याय देऊन बघा. अनामतीची रोख त्याला मोकळी करा आणि तेवढ्याच रकमेची बँक हमी घ्या. हमीची मुदत दोषकाळ संपल्यानंतरही दोन-तीन महिने पुढे असू द्या आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत गेली की तो कागद रद्दी.

तापीकाठ
विचारलं होतं. हमीसाठी बँक त्याच्याकडे पूर्ण रकमेची ठेव मागते, म्हणून नको म्हणाला. शेवटी असं ठरलं: निम्मी अनामत, म्हणजे २,९६,२००, उन्हाळी चाचणी पार पडल्यावर, उरलेली निम्मी १२ महिन्यांनी. कॉम्प्रेसरच्या जबाबदारीचं पत्र त्याने सीरियल नंबरांसह दिलं. ताब्याचं पत्र नानांनी सांगितलेल्या मजकुराचं गेलं आणि बँकेने ते चालवून घेतलं.

धुळे_कंट्रोल
मी कंट्रोल पॅनलच्या प्रोग्रॅमिंगचं काम करते, धुळे एमआयडीसीत. वर कोणी कंट्रोलरच्या पासवर्डबद्दल बोललंच नाही. सेटिंग बदलण्याचा वरच्या पातळीचा पासवर्ड ठेकेदाराच्या एखाद्या मुलाकडे असतो, तो नोकरी सोडून जातो आणि मग दोन अंश बदलायलाही बाहेरचा माणूस बोलवावा लागतो. पासवर्ड बंद पाकिटात आणि प्रोग्रॅमची प्रत पेन ड्राइव्हवर, दोन्ही सहीनिशी घ्या. प्रत घेतल्यावर ती उघडते का, ते त्याच्याच लॅपटॉपवर तुमच्यासमोर पाहा. मी रिकामे पेन ड्राइव्ह पाहिलेत.

आणि चाचणीच्या नोंदीची ती गुळगुळीत कागदाची गुंडाळी थर्मल कागदाची असते. पत्र्याच्या ऑफिसात एक उन्हाळा काढला की कोरी होते. आमच्या एका ग्राहकाचा सगळा पुरावा असाच उडाला, फाइलमध्ये नुसत्या पांढऱ्या पट्ट्या राहिल्या. त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि स्कॅन करा.

सातपुडा
ताईंनी फार कामाचं सांगितलं. कागद किती वर्षं ठेवायचे, ते वहीवाल्या ताई सांगतील. मी म्हणतो निदान दोन फाइली वेगळ्या करा. एक हिशेबाची, ती कपाटात. दुसरी प्लांटची: खरं ड्रॉइंग, सीरियल नंबर, बर्फाच्या चाचणीचे आकडे, वॉरंटीची पत्रं, ती प्लांटवरच, ऑपरेटरच्या हाताशी. कपाटाची किल्ली संचालकाकडे आणि बिघाड रात्री दोन वाजता, असं व्हायला नको.

हिशेबाची वही
तुमची कंपनी कंपनी कायद्याखाली आहे, त्यामुळे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचरं ८ आर्थिक वर्षं. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, ते त्यातच बसतात. निधीच्या कर्जावरची ३ टक्के व्याज सवलत ७ वर्षांपर्यंत चालते, म्हणून बँकेचे कागद कर्ज फिटेपर्यंत तरी हलवू नका. वाढीव कामाबद्दलचे व्हॉट्सॲपवरचे संदेश एक्स्पोर्ट करून तारखेसह छापून ठेवा. संचालक बदलतात, फोन बदलतात.

तापीकाठ (मे महिना)
मंडळी, आखाजी झाली आणि चाचणीही झाली, म्हणून परत लिहितोय.

पहिल्या दिवशी दुपारी दोनला बाहेर ४४ अंश. १० टन माल भरलेला, गर ३२. दोन वाजून चाळीस मिनिटांनी मशीन हाय प्रेशरवर बंद पडलं. ठेकेदाराचा माणूस लगेच म्हणाला, कंडेन्सर धुळीने बुजलाय, देखभाल तुमची. आमच्या ऑपरेटरने वही पुढे केली. चार दिवसांपूर्वीच पाण्याने धुतल्याची नोंद होती, सहीसह. तरी पुन्हा धुतला. दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला परत बंद. व्होल्टेज पाहिलं, ते बरोबर होतं.

मग ठेकेदार स्वतः आला, कंडेन्सरसमोर उभा राहिला आणि हात वर केला. छपराखाली हवा भट्टीसारखी. पंखा गरम हवा वर फेकतो, ती पत्र्याला आपटून परत खाली येते आणि कंडेन्सर तीच पुन्हा ओढतो. पश्चिमेची भिंत असल्याने बाजूनेही निघायला वाट नाही. त्याने पत्रे काढायला लावले. तिसऱ्या दिवशी बाहेर ४४ च्या वरच होते. साडेअकरा तासांत गर १४ वर आला, मशीन एकदाही बंद पडलं नाही. गुंडाळीची झेरॉक्स त्याच संध्याकाळी काढली.

आता प्रश्न तोच ६०,००० चा. तो म्हणतो छप्पर तुम्ही सांगितलं, मी बांधलं, पैसे द्या. आमचे संचालक म्हणतात आम्हाला यातलं काय कळतं, हवा अडेल हे तू सांगायला हवं होतंस, आणि छपरामुळे आमचे दोन दिवस गेले.

पॅनलवाला
पत्रा आणि मजुरी तर त्याची गेलीच ना. लेखी नाही म्हणून पूर्ण नाकारणं मला बरं वाटत नाही.

चोपडा_केळी
मला ठेकेदारच चुकला वाटतो. डॉक्टरला पेशंटने औषध सुचवलं, तर डॉक्टर देतो का?

सातपुडा
कागदावर तुमची बाजू भक्कम आहे, लेखी आदेश नाही. पण ज्या संचालकांनी सांगितलं ते नाकारत नाहीत, हेही खरं. माझं मत विचाराल तर पत्रे परत घेऊन त्यांची किंमत वजा करा आणि उरलेल्या खर्चात अर्धा-अर्धा वाटा घ्या. तो मान्य करेल की नाही, सांगता येत नाही. काहीही ठरलं तरी दोन कामं थांबवू नका. निम्मी अनामत सोडा, चाचणी पार पडलीय आणि करारात छपराचा संबंध नाही. आणि ड्रॉइंगमधून छप्पर काढून कंडेन्सरभोवती किती जागा मोकळी ठेवायची, ते त्यावर लिहून घ्या. नाहीतर पुढच्या संचालकांना ऊन दिसेल आणि ते पुन्हा पत्रा टाकतील.

तापीकाठ
२,९६,२०० आज बँकेत लावले, ताईंनी सांगितल्याप्रमाणे टीडीएस पुन्हा न कापता. ड्रॉइंग दुरुस्तीला ठेकेदाराकडे गेलंय. छपराचा विषय सोमवारच्या बैठकीत आहे, दोन संचालक अर्ध्या वाट्याला तयार आहेत, एक नाही. पत्रे सध्या आवारात वजन करून ठेवलेत.